दोन दिवस पांढरा भात : कार्ब लोडिंगमधलं खरं आणि खोटं

महाड-पोलादपूर भागात पहाटे रस्त्यावर धावणारी बहुतेक पोरं पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. हल्ली त्यांच्यात एक नवी पद्धत शिरली आहे. मैदानी चाचणीच्या आदल्या दोन दिवसांत भात, बटाटे, केळी, ग्लुकोज पावडर यांचा मारा करायचा, कारण 'मॅरेथॉनवाले कार्ब लोडिंग करतात'. तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. १६०० मीटरसाठी हे करू नका. ती धाव पाच-साडेपाच मिनिटांत संपते आणि तेवढ्याला लागणारं इंधन रोजच्या जेवणातूनच स्नायूंत जमा असतं. जास्तीचं भरलंत तर हाती येतं फक्त वाढलेलं वजन. किलोभर वजन अंगावर घेऊन १६०० मीटर पळणं म्हणजे आपणच आपले गुण कापून घेणं.

मग हे करायचं कोणी? जिची अंगमेहनत न थांबता दीड तासाच्या पुढे जाते अशा स्पर्धेत उतरणाऱ्याने. दीड तास ही ढोबळ सीमा आहे, पण कामाची आहे. पाचाडहून रायगडाच्या पायऱ्या चढून जायला बऱ्यापैकी दमाच्या माणसाला तास-सव्वा तास लागतो, शिवाय वाटेत थांबत थांबत जाणं होतं. त्यासाठी लोडिंग नको, सकाळचा पोटभर नाश्ता पुरे. दहा किलोमीटरच्या धावेलाही नको. अर्ध मॅरेथॉन दोन तासांच्या वर जात असेल तर थोडा उपयोग होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला सायकल चढवायची, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर आणि जवळपास सगळा चढ, तर नक्की होतो. आणि जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावायची असेल, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, तर लोडिंग न करता जाणं हा वेडेपणा आहे. या लेखातलं उदाहरण मुंबई मॅरेथॉनचंच घेतो, कारण आपल्याकडून जाणाऱ्या धावपटूला त्यात प्रवासाची भरही पडते.

आधी साठवण होते कशाची ते पाहू. भात, पोळी, केळी, साखर यांतल्या कर्बोदकांचं शरीरात ग्लुकोज होतं आणि लगेच न वापरलेलं ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठतं. साधारण प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून चारशे ते पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅममधून चार कॅलरी, म्हणजे दोन हजारांच्या आगेमागे. धावताना किलोमीटरला दर किलो वजनामागे अंदाजे एक कॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला अडीच हजार लागतात. काही भार चरबी उचलते, पण चरबीतून ऊर्जा सावकाश सुटते. वेग राखायचा तर ग्लायकोजेनच हवं. त्यातही अडचण अशी की हाताच्या स्नायूंतला साठा पायांना उसना मिळत नाही. ज्या स्नायूत साठलं त्यानेच ते वापरायचं. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय एकदम लाकडासारखे होतात, डोकं बधिर होतं, वेग मिनिटा-मिनिटाने पडतो. धावणारे त्याला 'वॉल लागली' म्हणतात. कार्ब लोडिंग करायचं ते ही वॉल पुढे ढकलण्यासाठी.

हे पहिल्यांदा दाखवलं ते स्वीडनमध्ये, १९६६ साली. बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोघा संशोधकांनी प्रयोग स्वतःवरच केला. एका सायकलच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारलं, तो पाय पार थकेपर्यंत. नंतर तीन दिवस कर्बोदकांनी भरलेलं जेवण घेतलं आणि सुईने दोन्ही मांड्यांतला स्नायूचा कण काढून तपासला. राबलेल्या पायात ग्लायकोजेन न राबलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरलं होतं. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात त्याच गटाने सायकलवर माणसं दमेपर्यंत चालवली. चरबी-प्रथिनांच्या जेवणानंतर ती तासाभरात थकली, मिश्र जेवणानंतर दोन तासांच्या जरा आत, आणि कर्बोदकांच्या जेवणानंतर पावणेतीन तासांनी.

यातूनच सगळ्यात जुना गैरसमज जन्माला आला आणि तो अजून जिवंत आहे. त्या काळच्या पद्धतीत आधी दमेपर्यंत व्यायाम, मग तीन दिवस भात-पोळी बंद, मग तीन दिवस भरपूर भात, असा क्रम होता. साठा रिकामा केला की तो जास्त भरतो, अशी कल्पना. ते तीन दिवस माणसाला चिडचिड, चक्कर आणि रडवेलेपणा देतात, आणि स्पर्धेच्या आठवड्यात शरीर मोडून ठेवतात. अमेरिकेत शेर्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की उपाशी टप्प्याची गरजच नाही. सराव हळूहळू कमी करत आणला आणि शेवटचे तीन दिवस कर्बोदकं वाढवली तरी साठा तेवढाच भरतो. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात तर कसलेल्या खेळाडूंचे स्नायू पूर्ण विश्रांती आणि किलोमागे दहा ग्रॅम कर्बोदकं यांवर एका दिवसातच भरले. पुढचे दोन दिवस तसंच खाऊनही साठा त्याहून वाढला नाही. तेव्हा कोणी तुम्हाला 'आधी तीन दिवस भात सोड' सांगत असेल तर त्याला नमस्कार करा आणि जेवायला बसा.

या प्रयोगात 'पूर्ण विश्रांती' हे शब्द आहेत आणि लोक तेच विसरतात. शुक्रवारी भात वाढवला आणि शनिवारी सकाळी 'पाय मोकळे करायला' म्हणून बारा किलोमीटर पळून आलो, तर भरलेलं तिथेच सांडलं. शेवटचे दोन दिवस पळू नका. फार तर वीस मिनिटं चाला.

आता आकडे. क्रीडा आहारातला आजचा प्रचलित सल्ला दीड तासाहून लांब स्पर्धेसाठी असा आहे की आधीचे ३६ ते ४८ तास रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. हे अव्वल खेळाडूंच्या मापाने आहे. साडेचार-पाच तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्याने ८ ग्रॅमपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण पहिल्यांदा १० ग्रॅम खाणाऱ्यांचं पोट बहुतेक वेळा बिघडतं, आणि बिघडलेलं पोट अपुऱ्या साठ्यापेक्षा जास्त महागात पडतं.

समजा पोलादपूरचा एक धावपटू आहे, वजन साठ किलो. त्याला दिवसाला साधारण ४८० ग्रॅम कर्बोदकं हवीत. लक्षात घ्या, ४८० ग्रॅम भात नव्हे. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात कर्बोदकं सुमारे ७८ ग्रॅम असतात, आणि शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात अवघी २८, कारण बाकीचं पाणी आहे. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ताट भरलेलं दिसतं आणि आकडा अर्धाच झालेला असतो. म्हणून माप कच्च्या तांदळाचं धरा. घरात वजनकाटा नसेल तर वाण्याकडून एकदा सव्वाशे ग्रॅम तांदूळ मोजून आणा, घरातली एक वाटी त्याने कुठवर भरते ते बघून ठेवा.

धाव रविवारी, तेव्हा शुक्रवार असा जाईल. सकाळी सातला ८० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे, तेल एक चमचा, खोबरं नाही, शेंगदाणे नाहीत, आणि दोन चमचे साखरेचा चहा. सत्तर ग्रॅम झाले. दहाला दोन मध्यम केळी, त्यांचे पन्नासच्या जरा आत. आपल्याकडच्या वेलची केळ्यांची मोजणी वेगळी, ती चार लागतील. दुपारी एक वाजता १२५ ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, उकडलेल्या बटाट्याची साधी भाजी, मिळून सव्वाशे. चारला कोकम सरबताचा मोठा ग्लास, त्यात पाच चमचे साखर, आणि सोबत सहा खजूर. साठ. संध्याकाळी साडेसहाला तांदळाच्या पिठाची दोन घावनं गुळासोबत, पासष्टच्या आसपास. रात्री नऊला पुन्हा १२५ ग्रॅम तांदळाचा भात आणि पातळ ताक, शंभरच्या वर थोडे. बेरीज केली तर पावणेपाचशे ते चारशे ऐंशी.

या ताटाकडे नीट पाहा. हे राक्षसी खाणं नाही. कॅलरी मोजल्या तर तेवीस-चोवीसशेच्या पुढे फारशा जात नाहीत, म्हणजे मेहनती माणसाच्या रोजच्या जेवणाएवढ्याच. फरक एवढाच की चरबी आणि चोथा बाहेर गेला आणि त्या जागी भात आला. कार्ब लोडिंग म्हणजे जास्त खाणं, हा समज इथे कोसळतो. जो माणूस नेहमीचं सगळं खाऊन वर दोन ताटं भात चढवतो, तो फक्त फुगतो.

बाहेर काय काढायचं, यात कोकणी माणसाचं मन दुखावण्याची शक्यता आहे. पहिली जाते ती नाचणी. नाचणी उत्तम धान्य आहे, वर्षभर खा. पण तिच्यात तंतू पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट, आणि स्पर्धेच्या दोन दिवस आधी तंतू म्हणजे आतड्यात वजन, गॅस आणि पहाटे पाचला शौचालयाच्या रांगेत उभं राहणं. आरोग्याच्या लेखांत नाचणी, हातसडीचा तांदूळ, मल्टिग्रेन यांचं कौतुक असतं ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी आहे. या दोन दिवसांत पॉलिश केलेला पांढरा तांदूळच श्रेष्ठ. वाल, पावटे, चवळी, मोड आलेली कडधान्यं यांनाही सुट्टी. वालाचं बिरडं काय करतं हे अनुभवी माणसाला सांगायला नको.

ओलं खोबरं आणि तळलेली मासळी यांचं कारण वेगळं. त्यांत दोष नाही, पण चरबी पोट लवकर भरते आणि पोटात रेंगाळते. मग भाताला जागा उरत नाही. मासे हवेच असतील तर एक लहान तुकडा रस्स्यात, खोबऱ्याचं वाटण कमी करून. 'तुपाने ताकद येते' या समजाचंही तेच. वरणभातावर एक चमचा तूप चवीपुरतं चालेल, पण तीन चमचे ओतून ग्लायकोजेन भरत नाही. चरबीचा साठा आपल्या प्रत्येकाकडे, सडपातळ माणसाकडेही, कित्येक मॅरेथॉनना पुरेल एवढा आधीच आहे.

ज्यांना एवढा भात चावून जात नाही त्यांच्यासाठी आपल्या घरातलाच एक उपाय आहे, पेज. मऊ शिजवलेल्या तांदळाची, मीठ घातलेली, गाळलेली नव्हे तर भातासकट. ती पिता येते, पोटाला हलकी पडते आणि सोबत पाणी व मीठही जातं. बाजारातली महागडी पावडर घेण्याआधी पेज करून पाहा. त्यात तांदूळ किती घातला ते मात्र मोजा. पाण्यासारखी पातळ पेज पिऊन काही भरत नाही.

शनिवारी खरी अडचण सुरू होते, आणि ती आहारशास्त्राच्या पुस्तकात नसते. बिब घेण्यासाठी धावण्याच्या आधी मुंबईत हजर व्हावं लागतं. पोलादपूर किंवा महाडहून एसटीने, नाहीतर वीर स्टेशनवरून रेल्वेने. महामार्गाची अवस्था माहीत असलेल्याला प्रवास किती तासांचा ते विचारू नये. या प्रवासात माणूस दोन चुका करतो. एकतर वडखळला गाडी थांबली की वडापाव किंवा मिसळ खातो, म्हणजे तेल, बेसन आणि मटकी एकदम. नाहीतर 'मुंबईत पोचून जेवू' म्हणून पाच-सहा तास उपाशी बसतो आणि दिवसाचा कोटा बुडवतो. दोन्हीवर उपाय डब्याचा. लिंबू पिळलेला, जिरं-कढीपत्त्याची अगदी कमी तेलातली फोडणी दिलेला भात सकाळी केला तर दुपारपर्यंत बरा राहतो. दहीभात मात्र तापलेल्या बसमध्ये नेऊ नका. सोबत केळी, खजूर, गूळ लावलेल्या पोळ्या, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. बिस्किटांच्या शंभर ग्रॅमच्या पुड्यात पंच्याहत्तर ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. रोजचा आहार म्हणून मी बिस्किटांची शिफारस कधी करणार नाही, या एका दिवशी करतो. जमलं तर शुक्रवारीच मुंबई गाठा, म्हणजे शनिवारी उभं राहून, रांगा लावून पाय भरून येणार नाहीत.

शनिवारची रात्र ही सगळ्यात जास्त गैरसमजांची. पाहुण्यांच्या घरी उतरलेल्या धावपटूला 'उद्या पळायचंय ना, घे अजून' म्हणत बिर्याणी वाढली जाते. साठा भरण्याचं काम शुक्रवार आणि शनिवारच्या दुपारपर्यंत झालेलं असतं. रात्रीच्या एका जेवणाने तो भरत नाही, उलट उशिराच्या जड जेवणाने झोप जाते आणि पहाटे पोट भरलेलंच राहतं. सात-साडेसातला नेहमीएवढाच साधा वरणभात जेवा आणि उठा. यजमानांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नको म्हणणं अवघड जातं.

शनिवारी कोणी काट्यावर उभं राहिलं तर हमखास घाबरतं. वजन एक ते दीड किलोने वाढलेलं असतं, कधी दोनही. ही चरबी नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठताना त्याच्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकतं. दोनशे-तीनशे ग्रॅम जास्तीचं ग्लायकोजेन म्हणजे तेवढ्याने किलोभर वजन आलंच. मांड्या भरल्यासारख्या, पाय जरा जड वाटतात. हे काम झाल्याचं चिन्ह आहे. चार वेळा खाऊनही वजन तिथेच असेल तर भाताचं माप पुन्हा तपासा. पोट ताठ झालं असेल, करपट ढेकर येत असतील, शौचाला दोन-तीनदा जावं लागलं असेल, तर चूक प्रमाणापेक्षा निवडीत आहे. तिथे वाल, दूध, फार साखर किंवा तळण कुठून तरी शिरलं आहे.

रविवारी धाव पहाटे पाचच्या सुमारास सुटते. स्नायू भरलेले आहेत, पण यकृतातला साठा रात्रभरात बराच ओसरतो, कारण झोपेतही मेंदूला ग्लुकोज तेच पुरवतं. म्हणून उपाशी पोटी रांगेत उभं राहणं चुकीचं. 'रिकाम्या पोटी हलकं वाटतं' हे खरं आहे, पण ते पहिले पंधरा किलोमीटर. अडीच-तीनला उठून साठ किलोच्या माणसाने नव्वद-शंभर ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. ब्रेडचे तीन-चार स्लाइस जॅम लावून, एक केळं, गोड चहा, एवढ्यात हिशेब जमतो. तीन वाजता काही घशाखाली उतरत नाही त्यांनी केळं आणि साखर घातलेलं सरबत तरी घ्यावं.

सुटण्याच्या पाऊण तास आधी ग्लुकोज पावडरचा मोठा ग्लास पिण्याची एक प्रथा आहे. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण काहींना साखर घेतल्यावर इन्सुलिन वर जातं, त्यातच धाव सुरू होते आणि पहिल्या काही मिनिटांत साखर उतरून चक्करल्यासारखं, हातपाय गळाल्यासारखं होतं. तुम्ही त्यातले असाल तर ग्लुकोज एकतर न्याहारीसोबत घ्या, नाहीतर अगदी सुटताना.

आणखी एक समज असा की लोडिंग केलं की वाटेत खायला नको. चुकीचा. दक्षिण आफ्रिकेत २००० साली सायकलस्वारांवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात, कोणाला खरं लोडिंग आणि कोणाला खोटं हे त्यांना न कळू देता, शंभर किलोमीटर चालवून पाहिलं. सगळ्यांनी सकाळी न्याहारी घेतली होती आणि वाटेतही कर्बोदकं घेत होते. दोन्ही वेळच्या वेळांत फरक पडला नाही. याचा अर्थ लोडिंग निरुपयोगी असा मी लावत नाही. स्वीडनमध्येच १९७१ साली दहा जणांना तीस किलोमीटर दोनदा पळवलं होतं, एकदा लोडिंग करून, एकदा नेहमीच्या जेवणावर. लोडिंगवाल्या धावेत सरासरी सात-आठ मिनिटं वाचली. ती सुरुवातीला वाचली नाहीत, सुरुवातीचा वेग दोन्ही वेळा सारखाच होता. उरलेल्या किलोमीटरात वेग पडला नाही म्हणून वाचली. दोन्ही मिळून निष्कर्ष असा की लोडिंगने वेग वाढत नाही, तो फक्त टिकतो. आणि वाटेतलं खाणं तितकंच महत्त्वाचं आहे. दोहोंतलं एकच नीट जमणार असेल तर वाटेतलं जमवा.

वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून, भूक लागायची वाट न पाहता. एक मध्यम केळं म्हणजे पंचवीस ग्रॅम. तीन-चार खजूर तेवढेच. अर्धा लिटर पाण्यात तीस ग्रॅम ग्लुकोज पावडर आणि चिमूटभर मीठ, हे मिश्रण पोटाला सोसतं. त्याहून गोड केलंत तर पोटात ढवळतं. ओआरएसबद्दल मात्र मोठा गोंधळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज अवघं साडेतेरा ग्रॅम असतं. ते जुलाबात पाणी आणि मीठ शोषलं जावं म्हणून बनवलं आहे. अख्खी बाटली प्यायलात तरी तासभराच्या किमान गरजेच्या निम्मंही इंधन मिळत नाही. मिठासाठी जरूर घ्या, ताकदीसाठी त्याच्यावर विसंबू नका. आणि पाणी तहानेप्रमाणे. भीतीपोटी ढोसलेल्या पाण्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन माणसं रुग्णालयात पोचली आहेत.

हे सगळं पहिल्यांदाच मुंबईत करायचं नाही. स्पर्धेच्या तीन आठवडे आधीची शेवटची लांब धाव ही रंगीत तालीम समजा. आपल्याकडे त्यासाठी रस्ते आयतेच आहेत. पोलादपूरकरांना आंबेनळी घाटाचा रस्ता, महाडकरांना पाचाडकडे जाणारा. वाहनं फार नसतील अशा वेळी, उजेड फुटल्यावर. डिसेंबरअखेरीस दरडींची भीती नसते. आदल्या दिवशी वरच्याप्रमाणे खा, पहाटे तीच न्याहारी, वाटेत तीच केळी-खजूर. खिशात एका चिठ्ठीवर काय खाल्लं ते लिहा, आणि पंचवीस किलोमीटरनंतर पोट आणि पाय काय म्हणतात तेही. सायकलवाल्यांनी हीच तालीम महाबळेश्वरच्या चढावर करावी. चढावर वेग कमी असला तरी स्नायू सपाटीपेक्षा जास्त ग्लायकोजेन जाळतात, त्यामुळे वाटेतलं खाणं कमी पडलं तर घाटात लवकर कळतं.

बायकांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. १९९०च्या दशकातल्या अभ्यासात स्त्रियांच्या स्नायूंत लोडिंगने काही भरच पडली नाही, म्हणून 'स्त्रियांना चालत नाही' असा समज पसरला. नंतर दिसलं की त्यांनी एकूण खाल्लंच कमी होतं. जेवणातला कर्बोदकांचा टक्का वाढला, पण ग्रॅम वाढले नाहीत. एकूण आहार वाढवला तेव्हा त्यांचाही साठा भरला. तेव्हा पन्नास किलोच्या धावपटूने चारशे ग्रॅम मोजून घ्यावेत, वजन वाढेल म्हणून त्यातला रात्रीचा भात कापू नये. घरात सगळ्यांना वाढून मग उरलेलं स्वतः खायचं असेल तर हे माप कधीच जमत नाही. या दोन दिवसांपुरतं आपलं ताट आधी वाढून घ्या.

आणि ज्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी या लेखातला एकही आकडा स्वतःच्या जबाबदारीवर वापरू नये. औषधांचं प्रमाण बदलल्याशिवाय त्यांना हे चालत नाही, आणि ते बदलण्याचा अधिकार त्यांच्या डॉक्टरांचा आहे. स्पर्धेची नोंदणी करण्याआधीच त्यांना भेटा.